अण्णांचे नव्वद दिवस

*शिरोली एमआयडीसीत आमचं मशीनशॉप आहे. वडिलांनी काढलं, आता मी आणि भाऊ भागीदारीत चालवतो. उलाढाल सातेक कोटी. कास्टिंग एकाच फौंड्रीतून येतं, मालक अण्णा वडिलांचे मित्र. चौदा वर्षं तोंडी ठरलेलं आहे की पैसे नव्वद दिवसांनी. आमची मोठी गिऱ्हाईक कंपनीसुद्धा आम्हाला नव्वद दिवसांनीच देते. जून २०२४ मध्ये अण्णांनी बँकेच्या कर्जासाठी उद्यम नोंदणी केली. आता ऑडिटमध्ये सी.ए. म्हणतात, मार्च २०२५ अखेरची ३७ लाखांची देणी उत्पन्नात मिळवावी लागतील, म्हणजे साडेअकरा लाख जादा टॅक्स. त्यात अण्णांचे ३० लाख, कोटिंगवाल्याचे ३, टूल्सच्या दुकानाचे ४. जूनपर्यंत सगळ्यांचे पैसे देऊन टाकलेत, रिटर्न अजून भरलेलं नाही. अण्णा म्हणतात, मला नव्वद दिवस चालतात, कागदावर लिहून देतो. भाऊ म्हणतो, त्यांना नोंदणी रद्द करायला सांगू, नाहीतर बिनउद्यमची फौंड्री शोधू. आमचंही उद्यम आहे, पण कंपनीला राग येईल म्हणून बिलावर छापत नाही. काय करावं?*

नमस्कार.

पहिल्यांदा अण्णांच्या त्या कागदाबद्दल, कारण तुमची सगळी भिस्त त्याच्यावर दिसते. तो कागद घेऊ नका. घेतलाच तर त्यावर नव्वद लिहू नका. उद्यममध्ये नोंदलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे किती दिवसांत द्यायचे हे २००६ च्या एमएसएमईडी कायद्याच्या कलम १५ ने ठरवून टाकलं आहे. लेखी करार असेल तर त्यात लिहिलेले दिवस, पण जास्तीत जास्त ४५. लेखी काही नसेल तर १५. दोघांच्या राजीखुशीने नव्वद लिहिले तरी ते ४५ च धरले जातात, कारण याच कायद्याच्या कलम २४ प्रमाणे त्याच्या विरोधात जाणारं काही टिकत नाही. अण्णांचा मोठेपणा मी समजू शकते, पण ही सवलत देणं त्यांच्या हातात ठेवलेलंच नाही.

यातली खरी मेख वेगळी आहे. तुमचे चौदा वर्षांचे नव्वद दिवस तोंडी आहेत, म्हणजे कायद्याच्या नजरेत तुमच्यात काहीच ठरलेलं नाही. म्हणून तुम्हाला ४५ नव्हे, १५ दिवसच मिळाले. हा फरक किती महाग पडतो ते बघायला तुमच्या पत्रासोबत आलेल्या खातेउताऱ्यातली अण्णांची चार बिलं घेऊ. सगळ्या रकमा जीएसटी सोडून आहेत. जीएसटीचं क्रेडिट तुम्ही घेता, तो खर्चात नसतोच, त्यामुळे तो या यादीत येता कामा नये. सी.ए.च्या यादीत चुकून आला नाही ना, एवढं बघून घ्या.

८ जानेवारीला ९ लाखांचा माल आला, पैसे गेले ७ एप्रिलला. १० फेब्रुवारीला ८ लाखांचा, पैसे १२ मेला. ५ मार्चला ७ लाखांचा, पैसे ३ जूनला. २४ मार्चला ६ लाखांचा, पैसे २२ जूनला. बेरीज ३० लाख. पंधरा दिवसांच्या हिशेबाने पहिल्या बिलाची मुदत २३ जानेवारीला संपली, दुसऱ्याची २५ फेब्रुवारीला, तिसऱ्याची २० मार्चला. चौथ्याची मुदत ८ एप्रिलला संपत होती, म्हणजे ३१ मार्चला ते बिल थकलेलं नव्हतंच. ते ८ एप्रिलपर्यंत दिलं असतंत तर ६ लाख २०२४-२५ च्याच खर्चात धरले गेले असते. २२ जूनला दिल्यामुळे तेही इतर तिघांच्या रांगेत गेलं.

आता हीच बिलं, फक्त खरेदीच्या ऑर्डरवर ‘माल मिळाल्यापासून ४५ दिवस’ एवढं लिहिलेलं होतं असं धरा. पहिल्या दोन बिलांच्या मुदती २२ फेब्रुवारी आणि २७ मार्च. ती दोन्ही वर्ष संपायच्या आत द्यावी लागली असती. पण तिसऱ्याला १९ एप्रिल आणि चौथ्याला ८ मेपर्यंत सवड होती. म्हणजे मार्चअखेर २४ ऐवजी १७ लाख उभे करायचे होते, उरलेले १३ लाख एप्रिल-मेमध्ये चालले असते. एका ओळीने एवढं बदललं असतं. मागची तारीख टाकून ती ओळ आता लिहायचा मोह होईल. तसं करू नका. ऑर्डरची नोंद अण्णांच्या फाइलीतही आहे, आणि कागद खोटा ठरला तर ३० लाखांचा प्रश्न तुमच्या सगळ्या वह्यांचा प्रश्न होईल.

‘रिटर्न अजून भरलेलं नाही’ हे तुम्ही आशेने लिहिलंय. त्याचं कारणही कळतं. जीएसटी किंवा पी.एफ.मधला मालकाचा वाटा मार्चअखेर थकला आणि रिटर्नच्या मुदतीआधी भरला, तर आयकराच्या कलम ४३बी मध्ये तो त्याच वर्षीच्या खर्चात चालतो. वर्षानुवर्षं सगळ्यांच्या डोक्यात हेच बसलंय. २०२३ च्या वित्त कायद्याने या कलमाला (एच) हे उपकलम जोडलं, ते २०२३-२४ च्या हिशेबापासून लागू झालं, आणि जोडताना ही रिटर्नपर्यंतची सवड मुद्दाम त्याच्यापुरती काढून ठेवली. मुदतीत दिलं तर ज्या वर्षाचा खर्च त्याच वर्षी वजावट. मुदत टळली तर ज्या वर्षी प्रत्यक्ष पैसे गेले त्या वर्षी.

यातलं शेवटचं वाक्य पुन्हा वाचा, कारण तुमच्या पत्रातली धास्ती मला त्यापेक्षा बरीच मोठी वाटली. साडेअकरा लाख बुडाले असं तुम्ही दोघांनी धरलंय. ते बुडालेले नाहीत. मुदत टळूनही वर्षाच्या आत दिलेल्या बिलांना तर हात लागतच नाही. डिसेंबरचं बिल तुम्ही ३१ मार्चच्या आत कधीही दिलं असेल तर ते या यादीत नाही. आणि यादीत असलेले पैसे तुम्ही एप्रिल ते जून २०२५ मध्ये दिलेत, तेव्हा त्यांची वजावट २०२५-२६ मध्ये मिळेल. म्हणून चालू वर्षाचा अ‍ॅडव्हान्स टॅक्स काढताना ही रक्कम आत्ताच वजा करून हिशेब मांडायला सी.ए.ना सांगा. १५ डिसेंबरचा हप्ता त्या मानाने हलका होईल. बऱ्याच फर्ममध्ये नामंजूर झालेलं आठवतं, पण पुढच्या वर्षी मागून घ्यायचं राहून जातं. ऑडिटर बदलला की हमखास राहतं.

मात्र याच चालीने चालत राहिलात तर काय होईल तेही बघा. मार्च २०२६ ला पुन्हा ३० लाख थकले तर मागचे ३० वजा होतील आणि नवे ३० मिळवले जातील. दरवर्षी नवा दंड बसणार नाही, पण पहिल्या वर्षी भरलेला टॅक्स सरकारकडे बिनव्याजी अडकून राहील, तुम्ही ही साखळी तोडेपर्यंत. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू. त्यातही ही तरतूद आहे, तेव्हा कायदा बदलला की सुटू असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

कायमचं नुकसान दुसरीकडे आहे आणि त्याबद्दल पत्रात एक अक्षर नाही. एमएसएमईडी कायद्याच्या कलम १६ प्रमाणे मुदत टळली की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज लागतं, तेही महिन्याच्या महिन्याला चक्रवाढीने. जानेवारी २०२५ मध्ये बँक रेट ६.७५ टक्के होता, फेब्रुवारीत ६.५० झाला. म्हणजे वीस टक्क्यांच्या आसपास व्याज. अण्णांच्या नुसत्या पहिल्या बिलावर, २३ जानेवारी ते ७ एप्रिल एवढ्या काळाचं ते सुमारे ३६ हजार होतं. हे व्याज दिलंत तरी कलम २३ मुळे त्याची वजावट कधीच मिळत नाही, या वर्षी नाही आणि पुढच्याही नाही. अण्णा मागणार नाहीत, हे मला मान्य आहे. पण त्यांनी मागितलं नाही म्हणून व्याज लागायचं थांबत नाही, आणि ऑडिट होणाऱ्या खरेदीदाराने ते हिशेबपत्रकात दाखवायचं असतं. शिवाय टॅक्स वाढला म्हणजे गेल्या वर्षीचा अ‍ॅडव्हान्स टॅक्स कमी भरला असं होतं. त्यावर २३४बी आणि २३४सी चं व्याज आहे. २३४बी चं एप्रिलपासून दरमहा एक टक्का चाललंय, तेव्हा कर लवकर भरा, रिटर्नसाठी अडवून ठेवू नका.

आता तुमच्या ३७ लाखांत कात्री लागते का ते बघू. लागते.

टूल्सच्या दुकानाचे ४ लाख. उद्यम प्रमाणपत्र दिसलं की यादीत टाकायचं अशी घाई सध्या सगळीकडे आहे. पण २ जुलै २०२१ ला केंद्राच्या एमएसएमई मंत्रालयाने घाऊक आणि किरकोळ व्यापाऱ्यांना उद्यममध्ये घेतलं ते फक्त प्राधान्य क्षेत्रातल्या बँककर्जापुरतं. उशिराच्या पेमेंटचं संरक्षण त्यांना दिलं नाही. तुमचा दुकानदार इन्सर्ट आणि ड्रिल दुसऱ्या कंपन्यांचे आणून विकत असेल, आणि त्याच्या प्रमाणपत्रावर कामाचं स्वरूप व्यापार असं असेल, तर त्याचे ४ लाख यादीतून बाहेर काढा. प्रमाणपत्राच्या पहिल्या पानावर थांबू नका, खालचे व्यवसायाचे कोड बघा. तो स्वतः टूल ग्राइंडिंग करून देत असेल तर मात्र तेवढी बिलं सेवेत धरावी लागतील.

कोटिंगवाल्याचे ३ लाख राहतात. जॉबवर्क हे कामच आहे, ते व्यापारात बसत नाही, आणि तुमचं त्याच्याशीही लेखी काही नाही. लहान म्हणून त्याच्याकडे आपलं लक्ष जात नाही, आणि तिथेच मुदत हमखास टळते. म्हणजे यादी ३३ लाखांची. तुमच्या फर्मला ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के सेस असा ३१.२ टक्के दर धरला तर कर सुमारे १० लाख ३० हजार येतो. सव्वा लाख तर इथेच वाचले.

अजून एक तपासणी अण्णांच्या खात्यावर करून घ्या. तुमच्या भागात शनिवारी फौंड्रीवाल्याला गोल रकमा पाठवायची पद्धत आहे. दोन लाख, तीन लाख, बिल नंबर नाही, ‘खात्यावर जमा’. कोणता पैसा कोणत्या बिलाचा हे कुणीच सांगितलं नसेल तर करार कायद्याच्या कलम ६१ प्रमाणे तो जुन्यात जुन्या देण्याला लागतो. सी.ए.नी यादी काढताना टॅलीतली बिलनिहाय थकबाकी घेतली असेल आणि तुमच्याकडच्या मुलाने पैसे भलत्याच, नव्या बिलांना लावले असतील, तर जुनी बिलं फुकट थकलेली दिसतात. मी स्वतः एका फर्मचं असं खातं उलगडलंय. नऊ लाख थकलेले दिसत होते, लावून बघितले तर साडेपाच निघाले. उलटंही होऊ शकतं, हे लक्षात ठेवून बघा.

आणि रिजेक्शनचं काय करता? कास्टिंगच्या धंद्यात हे विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मुदत मोजायची ती माल स्वीकारल्याच्या दिवसापासून, आणि माल हातात पडला तो दिवस म्हणजेच स्वीकारल्याचा दिवस, असं कायदा धरतो. बिलाची तारीख नाही आणि तुमच्या क्वालिटीवाल्याने शिक्का मारला तीही नाही. गेटवर इनवर्ड झाला तो दिवस. अपवाद एकच. माल मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत तुम्ही लेखी हरकत घेतली, तर ती हरकत पुरवठादाराने दूर केली तो दिवस धरतात. अडचण अशी की ब्लो होल वरून दिसत नाही. कास्टिंग रॅकवर महिनाभर पडून राहतं, मग मशीनवर चढतं आणि दुसऱ्या कटला भोक उघडं पडतं. तोपर्यंत पंधरा दिवस गेलेले असतात. तुम्ही अण्णांना फोन करता, ते म्हणतात ‘पाठवून द्या परत’, आणि हिशेब तीन महिन्यांनी एका डेबिट नोटेत मिटतो. माणसामाणसांत हे ठीक आहे, कायद्याच्या दिवसमोजणीत त्याचा शून्य उपयोग. म्हणून प्रत्येक लॉटमधले चार-पाच नग आल्या आठवड्यात मशीनवर चढवा, आणि दोष दिसला तर त्याच दिवशी लॉट नंबर, नग आणि दोष लिहून ई-मेल टाका. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आणि ‘अण्णा हे बघा’ एवढ्यावर भागवू नका. मालात काही दोष नसताना मुदत लांबवायला हरकतीचं पत्र पाठवायची आयडिया कुणीतरी तुम्हाला देईलच. ती अण्णांच्या बाबतीत तुम्ही वापरणार नाही असं मी धरून चालते.

आता भावाचे दोन उपाय.

नोंदणी रद्द करायला सांगणं. मार्च २०२४ च्या आसपास बऱ्याच खरेदीदारांनी आपल्या लहान पुरवठादारांना हेच सांगितलं होतं, तेव्हा तुमचा भाऊ काही पहिला नाही. पण अण्णांनी ती नोंदणी हौसेने केलेली नाही, बँकेने मागितली म्हणून केली. ती गेली तर त्यांचं कर्ज प्राधान्य क्षेत्रात मोजलं जाणार नाही, आणि सरकारी हमीवरचं कर्ज असेल तर त्यालाही धक्का. तुमच्या दहा लाखांच्या अडकलेल्या टॅक्ससाठी त्यांच्या कर्जाच्या पायाखालची वाळू काढायची का, हा प्रश्न त्यांच्यासमोर बसून विचारता येईल का बघा. आणि माल आला तेव्हा ती नोंदणी होती. आज रद्द झाल्याने मार्च २०२५ ची यादी एका रुपयाने कमी होणार नाही.

दुसरी फौंड्री. इथे मी भावाला हिशेबाने उत्तर देते. पॅटर्न अण्णांकडे आहेत. ते हलवले तरी नव्या फौंड्रीचं सॅम्पल, त्याचं मशीनिंग, कंपनीची मंजुरी, यात सहज काही महिने जातात आणि पहिल्या लॉटचं रिजेक्शन तुमच्या अंगावर. एवढं करून ती फौंड्री पुढच्या वर्षी बँकेत गेली की तीही उद्यम काढणार. आज शिरोली-गोकुळ शिरगावात कर्जावर चालणारी आणि उद्यम नसलेली फौंड्री किती दिवस तशी राहील? एक वाट कायद्याने खरंच सुटते. पुरवठादार मध्यम उद्योग असेल तर हे कलम लागत नाही, ते फक्त सूक्ष्म आणि लघुला आहे. पण मध्यम फौंड्री तुम्हाला नव्वद दिवस देईल का, ते तुम्हीच ओळखा.

मग नव्वदवरून पंचेचाळीसवर यायचं कसं? मार्चअखेरची ती चार बिलं बघितली तर बोजा वाटतो तेवढा नाही. लेखी ४५ दिवस असतील तर १४ फेब्रुवारीपर्यंत आलेल्या मालाचे पैसे ३१ मार्चपर्यंत, आणि त्यानंतरच्या प्रत्येक बिलाचे त्याच्या त्याच्या ४५ व्या दिवशी, एवढं पाळायचं. लेखी नसेल तर ती तारीख १६ मार्च, आणि नंतरच्या बिलांना पंधराच दिवस. लीप वर्षात पहिली तारीख एका दिवसाने सरकते. कॅलेंडरवर १४ फेब्रुवारीला लाल गोल करून ठेवा, तुमच्या घरात त्या दिवसाला दुसरं काही महत्त्व असेल तर दोन गोल करा.

नुसता मार्च सांभाळून बाकी वर्ष नव्वदनेच चालवलं तरी आयकराचं काम भागतं, हे मी लपवणार नाही. कलम १६ चं व्याज मात्र मग वर्षभर साचत राहतं. आणि ऑडिट अहवालाच्या ३सीडी नमुन्यात आता कलम २२ खाली लहान पुरवठादारांना वर्षभरात किती द्यायचे होते, किती वेळेत दिले, किती नाही, हे आकडे सी.ए.ना द्यावेच लागतात. म्हणून माझं मत, दोन-तीन टप्प्यांत सरळ पंचेचाळीसवर या. अण्णांकडे महिन्याला साधारण दहा लाखांची खरेदी आहे. दीड महिना अलीकडे यायचं म्हणजे एकदाच पंधरा लाखांची सोय, दरवर्षी नाही. कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून घेताना बँकेला हेच कारण सांगा. आणि अण्णांना विचारा की पंचेचाळीसव्या दिवशी पैसे आले तर भावात काय कमी करता. नव्वद दिवस ‘चालतात’ म्हणणारा माणूस ते नव्वद दिवस भावात आधीच धरून असतो. चौदा वर्षांत तुम्ही हे विचारलंच नसणार.

पंधरा लाखांचा दुसरा झरा तुमच्याच दारात आहे, आणि पत्रातल्या शेवटच्या ओळीवर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. तुम्ही स्वतः पुरवठादार आहात. तुमचं उद्यम आहे, तुम्ही मशीनिंग करून माल देता, व्यापार करत नाही. गेल्या वर्षी सात कोटींच्या उलाढालीवर तुम्ही लघु होतात. १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्मची मर्यादा दहा कोटी झाली, म्हणजे उलाढालीने आता सूक्ष्मात बसता. संरक्षण दोन्हीकडे सारखंच. सी.ए.नी तुम्हाला जे कलम दाखवलं तेच त्या कंपनीच्या ऑडिटरने कंपनीला दाखवायला हवं. पण त्याला तुम्ही लघु आहात हे कळणार कसं? तुम्ही बिलावर छापलेलंच नाही.

राग येईल ही भीती कुठून आली ते मला माहीत आहे. पर्चेसवाला साहेब समोर असतो, त्याचा चेहरा बघून आपण घाबरतो. पण हे काम पर्चेसचं नाही, अकाउंट्सचं आहे. मोठ्या कंपनीत हे एव्हाना रुटीन झालंय. ४५ दिवसांवर थकलेल्या लहान पुरवठादारांची माहिती कंपनीला सहा महिन्यांनी एमएसएमई-१ या फॉर्ममध्ये केंद्राच्या कंपनी व्यवहार खात्याकडे द्यावी लागते, एप्रिलअखेर आणि ऑक्टोबरअखेर. त्यासाठी व्हेंडरची प्रमाणपत्रं गोळा करणारा एक माणूस तिथे बसलेला असतो. त्याला तुमचं प्रमाणपत्र साध्या ई-मेलने पाठवा, ‘आपल्या नोंदीसाठी’ एवढंच लिहून. व्याज मागू नका, कलमाचा नंबर लिहू नका. पुढच्या बिलापासून उद्यम नंबर जीएसटी नंबरच्या खाली छापा. हे जानेवारी उजाडायच्या आत करा, कारण फेब्रुवारीत या याद्या पक्क्या होतात आणि मार्चमध्ये त्यांच्यावर पैसे सुटतात.

कंपनीची उलाढाल अडीचशे कोटींच्या वर असेल तर आणखी एक गोष्ट विचारा. अशा कंपन्यांना ३१ मार्च २०२५ पर्यंत ट्रेड्सवर नोंदणी करणं बंधनकारक झालं आहे. आरएक्सआयएल, एमवनएक्सचेंज, इनव्हॉइसमार्ट अशी ही व्यासपीठं. तुम्ही बिल तिथे चढवता, कंपनी मान्य करते, बँका त्यावर बोली लावतात आणि पैसे तुमच्या खात्यात येतात. मुदतीला कंपनी बँकेला देते, आणि नाही दिले तर बँक तुमच्या मागे येत नाही. खर्च किती याचा अंदाज यावा म्हणून: ४० लाखांचं बिल, ६० दिवस, दर ९ टक्के धरला तर साधारण ५९ हजार. कंपनीचं नाव चांगलं असेल तर दर तुमच्या कॅश क्रेडिटपेक्षा कमी पडण्याची शक्यता असते, कारण तिथे बँक तुमची पत बघत नाही, कंपनीची बघते. त्यातून आलेल्या पहिल्याच रकमेत अण्णांची दोन-तीन बिलं निघतील.

लहान उद्योगांच्या थकलेल्या पैशांचे दावे ऐकणाऱ्या सुविधा परिषदेकडे कंपनीविरुद्ध दावा टाकायचा रस्ताही एमएसएमईडी कायद्याच्या कलम १८ ने दिलेला आहे, आणि तिथला निवाडा कोर्टात आव्हानायचा तर कंपनीला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. सत्तर-ऐंशी टक्के धंदा एकाच गिऱ्हाइकावर असताना तो रस्ता मी आज सुचवणार नाही. संबंध संपल्यावरचा तो उपाय आहे.

येत्या आठवड्याचं काम एवढंच. सी.ए.कडे दोन खाती घेऊन बसा, टूल्सच्या दुकानाचं प्रमाणपत्र आणि अण्णांच्या खात्यातले शनिवारचे पैसे. मग अण्णांकडे जा, नव्वद दिवसांचा कागद मागायला नको, खरेदीच्या ऑर्डरचा नवा नमुना घेऊन, ज्यावर ‘माल प्रत्यक्ष मिळाल्यापासून ४५ दिवसांत’ असं छापलेलं असेल आणि खाली दोघांच्या सह्या आणि त्या दिवसाची तारीख. कोटिंगवाल्यालाही तसाच एक द्या. त्याच्याकडे लेटरहेड नसेल, तुम्हीच टाइप करून न्या.